नोंद पाठ आहे, पण ताळेबंद जुळत नाही

*मी बारावी वाणिज्यला आहे, मराठी माध्यम. बोर्डाच्या परीक्षेला सहा आठवडे राहिलेत. अकाउंट्सचं मी असं ठरवलं होतं की आधी सगळ्या धड्यांची थिअरी आणि रोजकीर्द नोंदी पाठ करायच्या, मग गणितं सोडवायची. पण तिसऱ्या धड्याला येईपर्यंत पहिल्याच्या नोंदी विसरतात. गाईडमधलं सोडवलेलं गणित बघितलं की सगळं कळतं, स्वतः करायला घेतलं की भागीदाराच्या प्रवेशाचं एक गणित पाऊण तास चालतं आणि शेवटी ताळेबंद जुळत नाही. हुंडीच्या नोंदी तर किती आणि कशा लक्षात ठेवायच्या तेच कळत नाही. या विषयाला रोज दोन तास देऊ शकते. थिअरी आणि सराव कसा मांडू?*
— वैष्णवी, बार्शी

वैष्णवी,

सगळी थिअरी आधी आणि सगळी गणितं नंतर, ही मांडणीच बदल. अकाउंट्समधली थिअरी म्हणजे नोंदीमागचं कारण, आणि ते कारण गणितात वापरलं तरच टिकतं. आज पाठ केलेली नोंद पंधरा दिवसांनी पहिल्यांदा वापरायला निघालीस तर ती परत शिकावीच लागणार. म्हणून थिअरी आणि वेळ लावलेला सराव एकाच बैठकीत, एकाच धड्यावर यायला हवेत. शिवाय उद्या कोणती थिअरी वाचायची हे पुस्तकाच्या क्रमाने ठरवू नकोस, आजच्या चुकांवरून ठरव. पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर उभं आहे.

आधी वेळेचा हिशेब करू. पेपर 80 गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. पण सगळी मिनिटं वाटून टाकली तर तपासायला काही उरत नाही, म्हणून सरावात गुणाला दोनच मिनिटं धर. दहा गुणांचं गणित वीस मिनिटांत आणि बारा गुणांचं चोवीस-पंचवीस मिनिटांत झालं पाहिजे. पहिल्या प्रश्नात वीस गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, त्यांना पस्तीस मिनिटांची मर्यादा ठेव. उरलेल्या साठ गुणांना दोन तास लागतात. मग हातात पंचवीस मिनिटं राहतात. एखादं गणित अडलं तर तीच उपयोगी पडतात.

आता रोजचे दोन तास. पहिली पंचवीस मिनिटं कोरा कागद घे आणि पुस्तक बंद ठेवून त्या दिवसाच्या धड्यातल्या नोंदी लिही. वाचायच्या नाहीत, लिहायच्या. आकडे नकोत, खात्यांची नावं, नावे-जमा आणि कंसातलं एका ओळीचं स्पष्टीकरण पुरे. पुढची दहा मिनिटं पुस्तक उघडून ताडून बघायला, आणि चुकलेल्या नोंदीशेजारी ‘का’ हे तीन-चार शब्दांत लिहायला. नंतर घड्याळ लावून वीस मिनिटांचं एक गणित. वीस मिनिटं झाली की जिथे असशील तिथे रेघ मार. पुढचं वेगळ्या रंगाच्या पेनाने पूर्ण कर, म्हणजे वेळेत किती झालं हे कागदावरच दिसेल. मग वीस मिनिटं तपासणी. त्यानंतर त्याच धड्यातलं दुसरं गणित, पुन्हा वीस मिनिटांत, आणि त्याची दहा मिनिटं तपासणी. शेवटची पंधरा मिनिटं त्याच धड्यातले वस्तुनिष्ठ प्रश्न: एका वाक्यात उत्तर, चूक की बरोबर, एक शब्द, छोटी गणितं. इतक्या कामानंतर हे हलकं जातं, आणि नोंदींची थिअरी ताजी असल्याने व्याख्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

तपासणीला इतका वेळ कशासाठी, असं वाटेल. बरीच मुलं उत्तर जुळलं का एवढंच बघून पुढे जातात, आणि पुढच्या गणितात तीच चूक करतात. कसं तपासायचं हे एका गणितावरच बघू. तुझं अडतं ते प्रवेशाचंच घेऊ.

माधव आणि सुनंदा 3:2 प्रमाणात नफा वाटून घेतात. 31 मार्च 2025 च्या ताळेबंदात देयतेच्या बाजूला धनको 40,000, सर्वसाधारण निधी 20,000, माधवचं भांडवल 90,000 आणि सुनंदाचं 60,000 आहे. मालमत्तेच्या बाजूला बँक 25,000, ऋणको 42,000 वजा संशयित कर्ज निधी 2,000 म्हणजे 40,000, साठा 35,000, फर्निचर 30,000 आणि इमारत 80,000. दोन्ही बाजू 2,10,000. 1 एप्रिलला रेखा एक चतुर्थांश हिस्स्यासाठी येते. ती भांडवल म्हणून 50,000 आणि ख्यातीचा, म्हणजे गुडविलचा, हिस्सा म्हणून 20,000 आणते. ख्यातीची निम्मी रक्कम जुने भागीदार काढून घेतात. इमारत 10 टक्क्यांनी वाढवायची, फर्निचर 10 टक्क्यांनी कमी करायचं, साठा 33,000 धरायचा आणि ऋणकोंवर संशयित कर्ज निधी 10 टक्के ठेवायचा.

पहिली चार मिनिटं खाती आखू नकोस. फक्त वर्किंग नोट लिही, आणि तीही उत्तरपत्रिकेतच, कारण ताळेबंद जुळला नाही तरी बरोबर पायऱ्यांचे गुण तिथून मिळू शकतात. यात तीन गोष्टी येतात. एक, त्यागाचं प्रमाण. रेखाने कोणाकडून किती घेतलं हे सांगितलेलं नाही, म्हणून त्याग जुन्याच प्रमाणात, 3:2. नवं प्रमाण तीन चतुर्थांशातून वाटून 9:6:5 येतं. दोन, निधी. 42,000 चे 10 टक्के 4,200, आधीचे 2,000 आहेतच, म्हणून वाढ फक्त 2,200. तीन, बँक. 25,000 अधिक 70,000 वजा 10,000, म्हणजे 85,000.

या गणिताच्या नोंदी सातच होतात. सुट्या लक्षात ठेवल्यास तर ओझं होतं, पैशाच्या वाटेने गेलीस तर आपोआप येतात:

1. बँक खाते नावे 70,000. रेखाच्या भांडवल खात्याला 50,000, ख्याती खात्याला 20,000
2. ख्याती खाते नावे 20,000; माधवच्या भांडवल खात्याला 12,000, सुनंदाच्या 8,000
3. माधवचे भांडवल खाते नावे 6,000, सुनंदाचे 4,000; बँक खात्याला 10,000
4. सर्वसाधारण निधी खाते नावे 20,000. माधवच्या भांडवल खात्याला 12,000, सुनंदाच्या 8,000
5. पुनर्मूल्यांकन खाते नावे 7,200. फर्निचर खात्याला 3,000, साठा खात्याला 2,000, संशयित कर्ज निधी खात्याला 2,200
6. इमारत खाते नावे 8,000. पुनर्मूल्यांकन खात्याला 8,000
7. पुनर्मूल्यांकन खाते नावे 800. माधवच्या भांडवल खात्याला 480, सुनंदाच्या 320

पहिल्या तीन नोंदी नव्या भागीदाराच्या पैशाच्या, चौथी जुन्या साठवलेल्या नफ्याची, शेवटच्या तीन मालमत्तेच्या नव्या किमतीच्या. प्रवेशाचं कोणतंही गणित याच तीन गटांत बसतं. प्रश्नात पुनर्मूल्यांकनाऐवजी नफा-तोटा समायोजन खातं म्हटलं असेल तर नाव तेवढं बदल, बाजू त्याच राहतात. दोन आणि चार या नोंदींत आकडे एकच आले, पण कारणं वेगळी आहेत. ख्याती त्यागाच्या प्रमाणात वाटली जाते आणि निधी जुन्या नफ्याच्या प्रमाणात. इथे दोन्ही 3:2 असल्याने फरक दिसत नाही. ज्या गणितात माधव एकटाच हिस्सा सोडतो तिथे ख्याती सगळी त्याची होते, निधी मात्र 3:2 मध्येच वाटला जातो. पंचवीस मिनिटांच्या थिअरीत ‘का’ लिहायला सांगितलं ते अशाच जागांसाठी.

नंतरचा वेळ असा घाल: पुनर्मूल्यांकन खात्याला चार मिनिटं, भांडवल खात्यांना सहा, ताळेबंदाला पाच, आणि एक मिनिट बेरजांसाठी. भांडवल खाती तीन रकान्यांची एकत्रच आख, तीन वेगळी खाती आखण्यात दोन-तीन मिनिटं जातात. शेवटी माधवचं भांडवल 1,08,480, सुनंदाचं 72,320 आणि रेखाचं 50,000 येतं. धनकोंचे 40,000 धरून देयता 2,70,800. समोर बँक 85,000, ऋणको 42,000 वजा 4,200 म्हणजे 37,800, साठा 33,000, फर्निचर 27,000, इमारत 88,000. तीही बेरीज 2,70,800.

समजा तुझी बेरीज जुळली नाही. पहिल्या ओळीपासून सगळं परत तपासायला बसू नकोस, आधी फरकाचा आकडा आणि त्याची बाजू बघ. देयता 2,000 ने कमी आली, तर 2,000 हा आकडा प्रश्नात कुठे आहे? जुना संशयित कर्ज निधी आणि साठ्यातली घट, दोन्ही ठिकाणी. निधीची चूक जास्त वेळा होते: पुनर्मूल्यांकन खात्याला 2,200 ऐवजी पूर्ण 4,200 नावे टाकलेस, 800 नफ्याच्या जागी 1,200 तोटा आला आणि भांडवलं 2,000 ने घटली. साठा खर्चात विसरला असता तर उलट देयता 2,000 ने जास्त आली असती. आकडा तोच, पण बाजूवरून कोणती चूक ते कळतं.

फरक 20,000 चा असेल तर? देयता कमी असेल तर सर्वसाधारण निधी वाटायचाही राहिला आणि ताळेबंदातही घेतला नाही, हे आधी तपास. ख्यातीचे 20,000 बँकेत घेतले पण भांडवलांना जमा करायला विसरलीस तरी हाच फरक येईल. देयता 20,000 ने जास्त असेल तर काढून घेतलेले 10,000 भांडवल खात्यात नावे टाकण्याऐवजी जमा टाकलेस. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम फरकात दुप्पट दिसते, म्हणून फरकाचा निम्मा आकडाही प्रश्नात शोधायचा. फर्निचरची 3,000 ची घट पुनर्मूल्यांकन खात्याच्या जमेला गेली तर फरक 6,000 येतो, तो याच कारणाने. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटसुलट झाल्याची शक्यता बघ: 480 च्या जागी 840 लिहिलं की फरक 360. अर्थात 9,000 चा सरळ फरकही नऊने भागला जातो, म्हणून ही युक्ती शेवटची.

आता जास्त धोक्याची गोष्ट. ताळेबंद जुळला म्हणजे गणित बरोबर, असं नसतं. सर्वसाधारण निधी न वाटता नव्या ताळेबंदात तसाच ठेवलास तर दोन्ही बाजू बरोबर 2,70,800 येतील, आणि गणित चूक असेल. निधी नव्या प्रमाणात वाटून रेखालाही त्यातलं दिलंस तरी बेरीज जुळेल. म्हणून तपासणीत जुळलेलं गणितही पायरीपायरीने ताडायचं: निधी संपला का, रेखाच्या रकान्यात तिने आणलेल्या भांडवलाशिवाय काही आलं का, ख्याती त्यागाच्याच प्रमाणात गेली का. पुनर्मूल्यांकनाच्या नफ्यातही रेखाला काही मिळत नाही. किंमत ती येण्याआधी वाढलेली आहे.

चुकांसाठी एक वेगळी वही कर. दर चुकीला एक ओळ पुरे: तारीख, धडा, काय चुकलं आणि कोणत्या जातीची चूक. जाती चारच ठेव. नोंदच माहीत नव्हती, नोंद माहीत होती पण प्रश्नातली अट वाचायची राहिली, आकडेमोड चुकली, वेळ संपली. पहिल्या जातीच्या चुका असतील तर दुसऱ्या दिवशीच्या कोऱ्या कागदावर सुरुवात त्याच नोंदींनी कर. दुसऱ्या जातीच्या असतील तर थिअरी वाढवून काही साधणार नाही. तिथे प्रश्न वाचताना प्रत्येक अटीखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि अट वापरली की खूण करायची. वेळ संपत असेल तर नुसतं आखण्याचा सराव कर: भांडवल खात्याचे तीन रकाने आणि ताळेबंदाचा नमुना, आकडे न घालता, प्रत्येकी एका मिनिटात. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पाऊण तास लागणाऱ्या गणितात बराच वेळ पट्टी धरण्यात आणि रकाना चुकला म्हणून परत आखण्यात गेलेला असतो.

आता हुंडी. तिथल्या नोंदी चाळीस-पन्नास वाटतात, कारण गाईडमध्ये प्रत्येक परिस्थिती वेगळी छापलेली असते. मुळात प्रश्न दोनच आहेत: हुंडी सध्या कोणाकडे आहे, आणि तिचं शेवटी काय झालं. आदेशकाकडे ती चार ठिकाणी असू शकते: स्वतःजवळ ठेवली, बँकेत वटवली, दुसऱ्याच्या नावे पृष्ठांकित केली, किंवा वसुलीसाठी बँकेत पाठवली. कागदावर चार आडव्या ओळी आख आणि तीन उभे रकाने: त्या जागी पाठवताना, मुदतीला पैसे मिळाले, अनादर झाला. या बारा चौकटी रोज कोऱ्या कागदावर भर. स्वतःजवळ ठेवलेल्या हुंडीची पहिली चौकट रिकामी राहील. वटवलेल्या आणि पृष्ठांकित केलेल्या हुंडीचे पैसे मुदतीला मिळाले तर आदेशकाच्या पुस्तकात काहीच नोंद येत नाही, कारण त्याचा संबंध आधीच संपलेला असतो. म्हणजे बारातल्या तीन चौकटी सुरुवातीलाच गेल्या.

अनादराचा रकाना सगळ्यांत जास्त चुकतो, आणि खरं तर तोच सगळ्यांत सोपा आहे. 15,000 ची हुंडी परत आली आणि नोंदणीचा खर्च, म्हणजे नोटिंग चार्जेस, 150 झाला असं धर. हुंडी कुठेही असो, आदेशकाच्या पुस्तकात आदेशिती 15,150 ने नावे होतो, कारण आता पैसे पुन्हा त्याच्याकडूनच यायचे आहेत. बदलते ती फक्त जमा बाजू. हुंडी जवळ असेल तर प्राप्य हुंडी खात्याला 15,000 आणि रोख खात्याला 150. वटवलेली असेल तर बँक खात्याला 15,150. पृष्ठांकित केलेली असेल तर ज्याला दिली त्याच्या खात्याला 15,150. वसुलीसाठी पाठवलेली असेल तर ‘वसुलीसाठी बँकेत पाठवलेली हुंडी’ या खात्याला 15,000 आणि बँकेला 150. आदेशितीच्या पुस्तकात चारही वेळा एकच नोंद: देय हुंडी खाते नावे 15,000, नोटिंग चार्जेस खाते नावे 150, आदेशकाच्या खात्याला 15,150. हुंडी कुठे फिरली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे कळलं की पाठांतर निम्म्याहून कमी होतं.

नूतनीकरणात दोन जागा संभाळ. आदेशितीने 5,150 रोख दिले आणि उरलेल्या 10,000 वर तीन महिन्यांचं 12 टक्के व्याज मिळवून नवी हुंडी दिली, तर व्याज 300 आणि नवी हुंडी 10,300 ची. घाईत लोक वर्षाचं व्याज धरतात किंवा पूर्ण 15,150 वर काढतात. तसंच व्याज रोख दिलं की हुंडीतच मिळवलं, हे प्रश्नात वाच; त्यावर नव्या हुंडीची रक्कम ठरते. मुदतीची तारीख काढताना तीन दिवस सवलतीचे मिळव: 5 जानेवारीला काढलेली तीन महिन्यांची हुंडी 8 एप्रिलला देय होते. तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर आदला कामाचा दिवस धरायचा.

सहा आठवड्यांची वाटणी अशी ठेव. पहिले चार आठवडे धड्यांचे, शेवटचे दोन पूर्ण पेपरचे. धडे सलग संपवू नकोस, आठवड्यात दोन-तीन धडे आलटून पालटून घे. पहिल्या आठवड्यात सोमवारी प्रवेश, मंगळवारी हुंडी, बुधवारी पुन्हा प्रवेश, गुरुवारी हुंडी. मधे एक दिवस गेल्यावर नोंद आठवली नाही तर ती पक्की झालेली नाही हे लगेच कळतं, पंधरा दिवसांनी नाही. त्याच धड्याच्या दुसऱ्या बैठकीत थिअरी पंचवीसवरून पंधरा मिनिटांवर आण आणि वाचलेला वेळ तपासणीला दे. शुक्रवारी दोन्ही धड्यांची एकेक गणितं, थिअरी अजिबात न बघता. शनिवारी चुकांची वही आणि मागच्या आठवड्यातल्या धड्याचं एक गणित. रविवार मोकळा.

दुसऱ्या आठवड्यात निवृत्ती, मृत्यू आणि विसर्जन. निवृत्ती आणि मृत्यू हे प्रवेशाचेच सख्खे आहेत: पुनर्मूल्यांकन तसंच, निधीची वाटणी तशीच, फक्त त्यागाच्या जागी लाभाचं प्रमाण येतं आणि मृत्यूत त्या तारखेपर्यंतच्या नफ्याचा हिस्सा वाढतो. म्हणून ते प्रवेशानंतर लगेच घे. विसर्जनात एकच गोष्ट बजावते: वसुली खात्याला ऋणको पूर्ण रकमेने नावे जातात आणि संशयित कर्ज निधी वेगळा जमेला. वजा करून निव्वळ रक्कम टाकायची नाही. तिसरा आठवडा भागीदारीची अंतिम खाती आणि नफा न कमावणाऱ्या संस्थांचा. चौथ्यात समभाग, वित्तीय विवरणांचं विश्लेषण, संगणकीय लेखांकनाचे वस्तुनिष्ठ प्रश्न, आणि वहीत सगळ्यांत जास्त ओळी ज्या धड्याच्या असतील तो धडा.

अंतिम खात्यांबद्दल थोडं जास्त, कारण तिथे नोंदी दिसत नाहीत पण काम नोंदींचंच असतं. समायोजना वाचताना तिच्या पुढे ती कुठे कुठे जाणार तेवढी टिंबं काढ आणि खात्यात टाकली की टिंबावर खूण कर. बहुतेकांना दोन टिंबं पुरतात. काहींना तीन लागतात: 10,000 चा माल जळाला आणि विमा कंपनीने 7,000 मान्य केले, तर व्यापार खात्याच्या जमेला 10,000, नफा-तोटा खात्याच्या नावेला 3,000 आणि ताळेबंदात विमा कंपनीकडून येणं 7,000. एक टिंब उरलं की ताळेबंद जुळत नाही, आणि कोणतं उरलं हे बघायला अर्धं मिनिट पुरतं. यापेक्षा फसवी असते ती तेरीजपत्रकातच लपलेली समायोजना. ‘10 टक्के दराचं कर्ज, 1 ऑक्टोबरला घेतलेलं, 40,000’ एवढंच लिहिलेलं असतं, खाली समायोजनेत उल्लेख नसतो. 31 मार्चपर्यंतचं सहा महिन्यांचं 2,000 व्याज आपणच काढायचं, नफा-तोटा खात्याला नावे आणि देयतेत जास्त. हे विसरलं तरी ताळेबंद जुळतो, म्हणून जुळण्यावर विसंबता येत नाही. तेरीजपत्रक वाचतानाच तारीख किंवा टक्केवारी दिसली की गोल कर.

शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण चार पूर्ण पेपर सोडव, शक्यतो सकाळी अकरा ते दोन. त्या दिवशी दोन तासांऐवजी तीन जातील, तपासणी दुसऱ्या दिवशीच्या दोन तासांत बसव. क्रमाचं विचारशील तर वस्तुनिष्ठ प्रश्न पहिले, पण पस्तीसाव्या मिनिटाला उरलेले सोडून पुढे जायचं. नंतर तुझा सगळ्यांत पक्का धडा, मग अंतिम खाती. अंतिम खाती शेवटच्या पाऊण तासासाठी ठेवू नकोस. त्यात वाचायचं सगळ्यांत जास्त असतं आणि डोकं थकलेलं असताना समायोजना सुटतात. एखादं गणित ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त खायला लागलं तर अर्धं पान कोरं सोडून पुढच्या प्रश्नाला लाग. रोजकीर्द नोंदींच्या प्रश्नात स्पष्टीकरण लिहायचं टाळू नकोस, पण ते अर्ध्या ओळीचं ठेव: ‘हुंडी बँकेत वटवल्याबद्दल’ इतकं पुरतं.

गाईड मात्र आजपासून तपासणीच्या वेळीच उघड. वीस मिनिटांची रेघ मारायच्या आधी ते दुसऱ्या खोलीत ठेवलेलं बरं.